धागा: मालवणच्या तरुण उद्योजकाचं कॉलेजमधलं भाषण – पहिला धंदा आपल्याच हातातल्या कामातून कसा शोधायचा

सुरंगी:

आमच्या कॉलेजमध्ये वाणिज्य विभागाने एका तरुण व्यावसायिकाला बोलावलं होतं. मालवण तालुक्यातला मुलगा, वय तिशीच्या आत. तारकर्ली-देवबाग पट्ट्यातल्या होमस्टेचे एसी साफ करून देतो. मी तिथे शिकवते, भाषण पूर्ण ऐकलं आणि टिपणंही काढली. इथे बरेच पालक आणि विद्यार्थी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

त्याने उभं राहिल्याबरोबर मुलांना वही काढायला सांगितली. "तुम्हाला काय येतं ते लिहू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत तुम्हाला कोणी, कशासाठी बोलावलं ते लिहा." फुकटात केलेलंही चालेल, घरच्यांनी बोलावलेलंही चालेल. मग प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहायच्या. काम तातडीचं होतं का, तेच माणूस परत बोलावणार का, आणि तुम्ही नसता तर त्याने कोणाला बोलावून किती पैसे दिले असते.

मग स्वतःची यादी फळ्यावर लिहिली. लग्नाचे फोटो काढणं, मोबाईलवर फॉर्म भरून देणं, पंख्याचा कपॅसिटर बदलणं, मिक्सर उघडणं आणि मामाच्या होमस्टेतला एसी. सगळ्यात जास्त बोलावणी फोटोंसाठी यायची आणि त्याचा हातही त्यातच सगळ्यात चांगला होता. पण मोबाईल प्रत्येकाकडे आहे, त्यामुळे पैशांची गोष्ट काढली की समोरचा गप्प. एसीसाठी बोलावणं क्वचित यायचं, पण ज्या दिवशी यायचं त्या दिवशी खोलीत पाहुणा बसलेला, मे महिन्याचा उकाडा, आणि कुडाळचा मेकॅनिक "परवा येतो" म्हणणारा. मालकाला त्या घडीला खोलीचं भाडं परत द्यायची वेळ आलेली असते. हा फरक दिसल्यावर त्याने फोटो बाजूला ठेवले.

पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. त्याला एसी दुरुस्त करता येत नव्हता, फक्त उघडून साफ करता येत होता. गॅस, कॉम्प्रेसर, पीसीबी यांतलं काही नाही. मग धंदा "एसी रिपेअर" न ठेवता त्याने जेवढं येतं तेवढाच ठेवला: हंगामाआधी पूर्ण सफाई आणि हंगामात बाहेरच्या युनिटला गोड्या पाण्याची धुलाई. किनाऱ्यावर खारा वारा बाहेरच्या युनिटच्या जाळीवर बसतो. तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पात्या एकमेकांना चिकटून असतात, त्यात मीठ आणि ओलावा आला की पात्या पांढऱ्या भुकटीसारख्या झडायला लागतात. कुडाळ-कणकवलीत जे युनिट बरीच वर्षं टिकतं ते समुद्राच्या तोंडावर त्याआधीच जातं. हे सगळ्या मालकांना माहीत होतं, पण मीठ वेळच्या वेळी धुऊन देणारं कोणी नव्हतं.

गिऱ्हाईक आहे की नाही हे त्याने असं तपासलं. सुरुवातीला तो होमस्टेवाल्यांना विचारत फिरला, "अशी सेवा सुरू केली तर घ्याल का?" सगळे म्हणाले, "चांगला आसा, बघूया." आपल्याकडे तोंडावर नाही कोण म्हणतं? मग त्याने प्रश्न बदलला. "येत्या मंगळवारी दहा वाजता येतो. एका मशीनचे पाचशे, आता दोनशे आगाऊ." पाच घरांत विचारलं, दोघांनी पैसे काढून दिले. त्याच्या लेखी ते दोघेच गिऱ्हाईक, उरलेल्या तिघांचं "बघूया" त्याने हिशेबातच धरलं नाही.

हिशेबही फळ्यावर मांडला. एका सकाळी पाच मशीन, म्हणजे २५०० रुपये. सोबतच्या मुलाचे ४००, पेट्रोल १५०, सफाईचं द्रावण वगैरे २००, हत्यारांची झीज १००. हातात १६५०. मुलांचे डोळे चमकले. मग त्याने विचारलं, "दिवसाला पाचच का?" कारण जुना पाहुणा दहाला खोली सोडतो आणि नवा एकला येतो. आतलं युनिट साफ करायला मधले तीनच तास मिळतात. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ या दिवसांत तेही मिळत नाहीत. पावसात काम जवळपास बंद. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने, महिन्याला बारा सकाळी, म्हणजे ९६ सकाळी. वर्षाचे १,५८,४००, महिन्याला सरासरी १३,२००. आणि एवढं काम मिळायला ४८० सफाया लागतात. एक मशीन वर्षातून तीनदा धरलं तर १६० मशीन, एका घरात चार धरली तर चाळीस घरं. पहिल्या वर्षी त्याच्याकडे याच्या निम्मीही नव्हती, म्हणून तेव्हा तो सकाळचं हे काम सांभाळून संध्याकाळी दुकानात नोकरी करत होता.

तुम्हाला यातलं काय पटतं, काय नाही? विशेषतः या कामातल्या जाणत्यांनी लिहावं.

पुणेकर_मूळ_देवगड:

छान ओळख. पण मुख्य मुद्दा राहिला, भांडवल कुठून आणलं? मुद्रा की आणखी कुठली योजना? माझा भाचा कल्पना तयार ठेवून सहा महिने बँकेत खेटे घालतोय. कोणाला प्रक्रिया माहीत असेल तर इथे लिहा.

सुरंगी:

दादा, भाषणाचा विषय कर्जाचा नव्हता, पण एका विद्यार्थ्याने हेच विचारलं होतं. त्याने सुरुवातीला कर्ज घेतलंच नाही. आंब्याच्या बागेत फवारणीला वापरतात तो बॅटरीवरचा सोळा लिटरचा पाठीवरचा पंप नवा घेतला, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, मऊ ब्रश आणि भिंतीवरच्या युनिटखाली बांधायची प्लास्टिकची पिशवी. पंप नवाच घ्या हे त्याने दोनदा सांगितलं. बागेतल्या जुन्या पंपात औषधाचा अंश राहतो आणि तो पाहुण्यांच्या खोलीत फवारला जाईल. मुद्राच्या शिशू गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, पण त्याचं म्हणणं असं की दहा जणांचे आगाऊ पैसे हातात आल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. तुमच्या भाच्याची कल्पना काय आहे? आणि कोणी आगाऊ दिलंय का?

तांडेल:

माझ्या घराच्या चार खोल्यांका एसी आसत, म्हणान सांगतय. ह्या पोराक अर्धोच धंदो कळलो. खरो पैसो गॅसात आसा. किनाऱ्यार दरवर्साक गॅस भरूकच लागता, आमी भरतव. धुवून पाचशे घेण्यापेक्षा गॅस भरूक शिकान घेतल्यान तर एका मशीनमागे दोन-तीन हजार खय गेले नाय. बाकी पात्यो झडतत ता अगदी खरा. माझ्या पश्चिमेकडच्या दोन युनिटांची जाळी हाताक लागली तरी पीठ पडता.

कांदळवन:

मी या कामात बरीच वर्षं आहे, आधी मस्कतला आणि आता वेंगुर्ल्यात. तांडेल, पात्यांचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण गॅसचं तसं नाही. एसीतला गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळीत फिरत असतो. दरवर्षी भरावा लागत असेल तर दरवर्षी गळतोय, आणि भरणारा गळती न शोधताच भरून जातोय. तुमची जाळी पीठ झालीय म्हणता ना, गळती बहुतेक तिथेच असेल. पुढच्या वेळी माणूस आला की त्याला विचारा, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने सांधे तपासलेत का, आणि भरण्याआधी व्हॅक्यूम काढला का. नाही म्हणाला तर पैसे देऊ नका.

घरच्या घरी ओळखायचं तर एसी अर्धा तास चालवून बाहेरच्या युनिटपाशी जा. दोन नळ्यांपैकी बारीक नळीवर बर्फ धरला असेल आणि आत थंडावा अगदी कमी असेल तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्या. सांध्यापाशी तेलकट डाग दिसला तर गळती तिथेच, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. पण नुसतं थंड होत नाही म्हणून गॅस गेला असं समजू नका. कित्येकदा आतली जाळी धुळीने भरलेली असते, एवढंच.

आणि त्या मुलाने गॅसला हात लावला नाही हे शहाणपणाचं केलं. आता नव्या मशीनमध्ये आर-३२ येतो, तो पेट घेऊ शकतो. बंद खोलीत, जवळ ठिणगी असताना नवशिक्याने तो सोडला तर भलतंच होऊन बसेल.

भाषणात त्याने दोन गोष्टी सांगितल्या की नाही हे सुरंगीताईंनी सांगावं. एक, पाणी. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची पट्टी. एप्रिलनंतर तिथल्या कितीतरी विहिरी मचूळ होतात. त्याच पाण्याने युनिट धुतलं तर मीठ काढायला गेलेला माणूस मीठ लावून येतो. दुसरं, दाब. गाड्या धुवायची बंदूक लावली की पात्या आडव्या होतात, हवा अडते आणि मशीन आधीपेक्षा वाईट चालतं. बागेचा पंप त्यासाठी अगदी योग्य आहे, सावकाश फवारा येतो.

सुरंगी:

पाण्याचं सांगितलं होतं. घरमालकाच्या विहिरीचं पाणी तो आधी चाखून बघतो आणि शंका आली की मालवणहून कॅन भरून नेतो. दाबाचं बोलला नाही. पण एक तोट्याचा प्रसंग त्याने सांगितला. पहिल्या वर्षी काही घरांशी वर्षाचा करार करताना "वर्षभर कधीही बोलवा" असं लिहून दिलं. मग फ्यूज गेला तरी बोलावणं, रिमोटची बॅटरी संपली तरी बोलावणं. एका घरी दर आठवड्याला चक्कर. आता करारात फक्त तीन सफाया, तारखांसह. बाकी प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे.

कांदळवन:

बरोबर केलं. त्यात आणखी एक भर घालायला सांगा. पहिल्या दिवशी झाकण काढल्यावर जाळीचा फोटो काढायचा आणि मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा, की या पात्या आधीच इतक्या झडलेल्या आहेत. नाहीतर दोन महिन्यांनी गळती सुरू झाली की "तू धुतलंस म्हणून झालं" हे ठरलेलं. आणि धुण्याआधी एमसीबी खाली, बोर्डावर प्लास्टिक. सोबतच्या मुलाला हे लिहून द्या, तोंडी सांगून विसरतात.

रातांबा:

मी माझा अनुभव लिहिते. मी कोकमाचं आगळ करते, सावंतवाडीजवळ. सगळ्या पाहुण्यांना माझं आगळ आवडायचं, "विकायला ठेव गं" सगळेच म्हणायचे. त्या जोरावर एका हंगामात भरपूर बाटल्या भरल्या. आगाऊ कोणाकडून घेतलं नाही, ओळखीच्या माणसांकडे कसं मागणार? निम्म्या बाटल्या गणपतीपर्यंत घरातच होत्या. वर काही बाटल्या फुगल्या, कारण शहरातल्या लोकांना खारट नको म्हणून मीठ कमी घातलं होतं. आगळ टिकतं ते मिठावरच, मीठ कमी पडलं की आंबतं आणि झाकण उडतं.

या मुलाच्या कामात आणि माझ्या कामात एक मोठा फरक मला हे वाचताना दिसला. त्याचं काम झालं की पैसे हातात, आणि आगाऊ घेतले तर आधीच. माझ्या रातांब्याचा हंगाम एप्रिल-मेचा, पाऊस लागायच्या आत सगळं उरकावं लागतं. फळं, मीठ, बाटल्या, बायकांची मजुरी, सगळा खर्च त्या एका महिन्यात आणि विक्री वर्षभर. हात दोघांचेही चांगले असतील, पण माझ्या कामात पैसा अडकून पडतो. मुलांना यादी करायला सांगताना "पैसे किती दिवस अडकतील" हा चौथा रकाना हवा होता असं मला वाटतं.

पुणेकर_मूळ_देवगड:

हे पटलं. भाच्याची कल्पना आंब्याच्या गराची आहे, म्हणजे तुमच्यासारखीच. आगाऊ मागणी कोणाचीच नाही. त्याला हा धागा पाठवतो. तरीही सांगतो, महिना १३,२०० ला मी धंदा म्हणणार नाही. पुण्यात नुकत्याच लागलेल्या मुलालाही जास्त मिळतात.

रातांबा:

आणि पुण्यातल्या खोलीचं भाडं कोण भरतं? इथे मुलगा आईच्या हातचं जेवतो.

पुणेकर_मूळ_देवगड:

भाडं भरूनही त्याला तिथे पुढे जायला वाव असतो ना. इथे चाळीस घरांनंतर पुढे काय? देवबागला पट्टीच किती रुंद आहे!

सुरंगी:

हा प्रश्न त्यालाही विचारला गेला. तो आता आयटीआय झालेल्या मुलाला जोडीला घेऊन गॅसचं काम सुरू करतोय, आणि निवतीकडची घरं जोडायच्या विचारात आहे. पण चालेलच असं तो म्हणाला नाही.

बाव:

नमस्कार. मी टीवायला आहे, भाषणाला होते. मी यादी केली आणि माझ्या वहीत एकच नोंद परत परत येतेय. आमच्या बंदरावरचे काका लोक मला होडीची कागदपत्रं करायला बोलावतात. नोंदणीचं, परवान्याच्या नूतनीकरणाचं ऑनलाइन भरणं, डिझेल परताव्यासाठी बिलं लावून देणं, फेरीचा हिशेब वहीत मांडणं, म्हणजे डिझेल, बर्फ, रेशन वजा करून मालकाचा वाटा किती आणि खलाशांचा किती. मला हे बाबांमुळे येतं. सगळं फुकट करते. पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं "हो" येतात. मी नसते तर ते तालुक्याला जातात, एक दिवस मोडतो आणि तिथे पैसेही द्यावे लागतात. पण हे सगळे वाडीतले आहेत. कोणी काका, कोणी आजोबा. पैसे कसे मागू? आणि जीएसटी वगैरे लागेल का?

तांडेल:

बाय, ह्या कामाक माणूस होयाच आसा. माझी स्वतःची होडी आसा, म्हणान सांगतय. एक ऑगस्टाक होडी पाण्यात जाताना कागद पुरो नसलो तर दर्यात अडवतत. मी तुका पैसे देयन.

कांदळवन:

बाव, जीएसटीची काळजी आत्ता करू नकोस. सेवेला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की तो प्रश्न येतो. उद्यम नोंदणी हवी तर सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस.

पण तुझ्या कामात एक धोका आहे. होडीमालक तुला आधार, पासवर्ड, बँकेचं पासबुक सगळं देऊन मोकळे होतील. ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येऊ दे, त्यांना समोर बसवूनच भर. आणि भरल्याची पावती त्याच दिवशी त्यांच्या हातात दे. परवाना मिळणं न मिळणं खात्याच्या हातात असतं, पैसे तू फॉर्म भरण्याचे घेतेस, मंजुरीचे नाही. हे आधीच सांगितलं नाहीस तर एक अर्ज परत आला की सगळं बंदर तुझ्यावर येईल.

सुरंगी:

बाव, हंगामाचाही विचार कर. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि कागदांची घाई तेव्हाच होते. तेव्हाच तुझं नवं वर्षही सुरू होतं. परवाने त्या दोन महिन्यांत आणि फेरीचे हिशेब पुढे वर्षभर, असे दोन भाग पाडून बघ. हिशेबाचं काम महिन्याच्या ठरावीक पैशांवर होऊ शकेल.

रातांबा:

नात्यातल्या माणसांकडून सुरुवात करूच नकोस, हे मी अनुभवाने सांगते. शेजारच्या बंदरावर जा. तिथे दर सांग. तिथले लोक पैसे देतात हे कळलं की वाडीतले आपणहून विचारतील.

तांडेल:

माका ता पटाक नाय. शेजारच्या बंदरातले तिका वळखतत खय? आपलो कागद परक्या पोरीच्या हातात कोण देतलो? विश्वास वाडीतच आसा, सुरवात थयसूनच होतली. उलट वाडीत फुकट करून बाहेर पैसे घेतल्यान तर वाडीतलेच म्हणतले, आमका कामाक लावल्यान.

रातांबा:

मग तुम्ही पहिले पैसे द्या. तुम्ही दिलेत की बाकीचे देतील.

तांडेल:

देतय म्हटलय ना! बाय, फाटफटी ये, कागद घेऊन बसतय.

बाव:

तांडेलकाका, तुमचं बंदर कुठलं तेच मला माहीत नाही, संदेश पाठवते.

दोन दिवसांपूर्वी मी आमच्याच बंदरावरच्या दोन नौकामालकांना सरळ विचारलं. डिझेल परताव्याची बिलं महिन्याच्या महिन्याला लावून देईन, महिन्याचे तीनशे, पहिला महिना आगाऊ. एकाने लगेच दिले आणि वर सहा महिन्यांच्या बिलांची पिशवीही हातात ठेवली. दुसरे माझे सख्खे चुलत काका, ते म्हणाले, "बघूया, तू आपलीच."

आता अडचण अशी. त्या पिशवीतली अर्धी बिलं भिजून पुसट झालीत, तारीख वाचता येत नाही. तीनशे महिन्याच्या कामाचे घेतलेत, ही जुनी बिलं त्यात धरायची का?

कांदळवन:

धरू नकोस. आजच त्यांना फोन करून सांग की जुन्या सहा महिन्यांचं काम वेगळं. आधी वाचता येणारी आणि न येणारी असे दोन गठ्ठे कर आणि दोन्हींचा फोटो त्यांना पाठव. पुसट बिलांच्या प्रती पंपावरून मिळतात का ते मालकांनी बघायचं, तू नाही. मिळाल्या तर त्या कामाचा दर आधी ठरवून मगच हात घाल.

तांडेल:

आमच्या सोसायटीच्या पंपार जुन्या बिलांची नोंद मिळता, पण मालकाक सोता जावचा लागता. तुझ्या चुलत काकाक मी बघतय, वळखीचो असलो तर.